मदत हवी आहे: ट्विस्ट न फोडता आईला 'डार्क'मधला काळ कसा समजावू?

सायली_प: 'डार्क' ही काळप्रवासाची जर्मन मालिका माझी तिन्ही सीझन पाहून झाली आहे. आता आईबरोबर पुन्हा बघतेय. पहिल्या सीझनचा तिसरा भाग जवळजवळ सगळा १९८६ मध्ये घडतो, तिथे ती अडकली. "हा शाळकरी मुलगा म्हणजे तोच पोलीस का गं?" असं दर पाच मिनिटांनी विचारते. उत्तर द्यायला गेले की पुढचं काहीतरी तोंडातून निसटेल अशी धास्ती वाटते. काय करू?

गारवा: नेटवर चारही घराण्यांची वंशावळ मिळते. प्रिंट काढून हातात द्या.

अनिकेत७१: कृपा करून ते करू नका! या मालिकेचं रहस्यच नात्यांमध्ये आहे. मी पहिल्या सीझनमध्ये नाव शोधायला म्हणून ती वंशावळ उघडली आणि सगळंच कळून बसलं.

मीनल काकू: आमच्या ह्यांना तर सबटायटल्सच वाचता येत नाहीत. मराठी डबिंग आहे का?

दूरदर्शी: सायली, एक मोठा कागद घ्या. काहनवाल्ड, निल्सन, डॉप्लर आणि टीडमान या चार घरांच्या चार ओळी करा, आणि १९५३, १९८६, २०१९ असे तीन रकाने. माणूस पडद्यावर दिसला की आईनेच त्याचं नाव लिहायचं, तुम्ही नाही. उलरिकचंच घ्या. २०१९ मध्ये पोलीस, १९८६ मध्ये शाळकरी, त्याच वर्षी भाऊ मॅड्स हरवलेला. १९५३ चा रकाना सध्या कोरा, कारण तिथे तो अजून दिसलेला नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आहे आणि त्यात फुटण्यासारखं काही नाही. मात्र नात्यांच्या रेघा ओढायच्या नाहीत, आणि वयाच्या हिशोबाने "हा तेव्हा इथे असेल" असं ठरवून कुणालाही रकान्यात बसवायचं नाही. जे दिसलं तेवढंच लिहायचं.

गारवा: म्हणजे १९८६ ची एकच ठरावीक तारीख, आणि सगळे तिथेच जाऊन पोचतात, असंच ना?

दूरदर्शी: नाही, तिथेच बहुतेकांची गल्लत होते. अंतर ठरलेलं आहे, ३३ वर्षांचं. इकडे ५ नोव्हेंबर उजाडला की तिकडेही ५ नोव्हेंबर. २०१९ मध्ये एक दिवस सरला की १९८६ मध्येही एक दिवस सरतो. म्हणून रकान्याच्या डोक्यावर सालासोबत '३३ वर्षांपूर्वी' असंही लिहा. कागदाच्या दोन्ही कडांना कोरी जागा ठेवा, ती कशासाठी हे आईला सांगू नका.

सायली_प: काल केलं. चौथ्या भागात आईने स्वतःच एक नाव बरोबर रकान्यात लिहिलं आणि केवढी खूश झाली! पण प्रवास करणाऱ्याचं काय? त्याचं वय आणि रकान्याचं साल जुळणारच नाही.

दूरदर्शी: त्याच्या नावापुढे त्याचं स्वतःचं वय लिहा. हरवलेला मिकेल अकरा वर्षांचा, तर तो जिथे दिसेल तिथे ११. कॅलेंडर वेगळं, त्याचं घड्याळ वेगळं.

अनिकेत७१: आणि तिसऱ्या सीझनला?

दूरदर्शी: तिथे हा कागद कमी पडतो. का, ते इथे लिहिता येणार नाही. मी दोन-तीन प्रकारे मांडून पाहिलं, पण प्रत्येक वेळी मांडणीवरूनच गोष्ट कळून जात होती. कुणाला जमलं असेल तर लिहा.