प्रति: डबल बाऊल की सिंगल?

"घोडबंदरला फ्लॅट घेतलाय, ओटा सात फुटांचा. किचन सिंक ड्रेनबोर्डवाला डबल बाऊल घेऊ की सिंगल?"

सिंगलच घ्या, 24 बाय 18 चा. आमच्याकडे कळव्याला 45 इंची डबल होता, एकेक बाऊल जेमतेम 16 इंच, कढई तिरकी धरून घासायची आणि पाणी सगळं ओट्यावर. शिवाय दोन बाऊल म्हणजे तळाशी पाणी जायच्या भोकात बसणारी वेस्ट कपलिंगही दोन, गळायच्या जागा दुप्पट.

कपलिंग मात्र मोठ्या तोंडाचं, उचलता येणाऱ्या जाळीच्या वाटीचं घ्या, चपट्या जाळीवर भाताची शितं चिकटून पाणी तुंबतं. प्लंबर जायच्या आत वाटी दाबून सिंक भरा, दहा मिनिटांनी खालच्या नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर बहुतेक रबर वॉशर तिरका बसलाय, नुसता नट आवळू देऊ नका, काढून परत बसवायला लावा.