शब्दचर्चा : ‘पडीक’, ‘पड’ आणि ‘बेवड’

पाटीपेन्सिल
सोलापूर भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी रब्बी ज्वारीची एक माहितीपुस्तिका तपासायला आली आहे. मूळ मजकूर इंग्रजी, मराठी कुणीतरी आधीच केलेलं. त्यातलं हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही: ‘खोल काळ्या जमिनी खरिपात पडीक ठेवाव्यात व पिकांची फेरपालट करावी.’ मुळात फॅलो आणि क्रॉप रोटेशन हे शब्द आहेत. फॅलोला ‘पडीक’ बरोबर आहे का? मला ‘पडीक’ म्हटलं की बाभळी माजलेलं रान दिसतं. आणि ‘फेरपालट’ बोलण्यात असतो की फक्त पुस्तिकांत?

कागदीघोडा
बरोबरच आहे की. फॅलो म्हणजे जमिनीला विश्रांती देणं. एक हंगाम काही पेरायचं नाही, जमीन आपोआप ताकद भरून काढते. ‘पडीक ठेवणे’ हा रूढ शब्द आहे, कोशातही सापडेल. फेरपालट म्हणजे दर हंगामाला पीक बदलणं. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, झाली फेरपालट.

काळीमाती
ताई, तुमचा कान खरा आहे. आमच्याकडं ‘रान पडीक पडलं’ म्हणजे मालक पुण्याला गेला नाहीतर भावकीत वाद लागला. तुम्हाला जे म्हणायचंय त्याला आम्ही ‘रान पड टाकलं’ म्हणतो. पडीक आपोआप होतं, पड मुद्दाम टाकतात.

आणि कागदीघोडा, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ही विश्रांती नसते. इथं पाऊस जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलै-ऑगस्टला ओढ देतो आणि खरा पडतो सप्टेंबरात. खरिपाचं पीक मधल्या ओढीत होरपळतं. म्हणून रान मोकळं ठेवून पडेल तेवढा पाऊस जमिनीत जिरवायचा आणि त्या ओलीवर 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान मालदांडी पेरायची. पुढं पाऊस आला नाही तरी ज्वारी त्या साठ्यावर निघते. म्हणजे पड टाकतो ती पाणी साठवायला.

त्यासाठी चार महिने राबावं लागतं. प्रत्येक चांगल्या पावसानंतर वाफसा आला की कुळवाची पाळी, दोन-तीन तरी. तण मरतं, वरची खपली फुटते, पुढचा पाऊस आत जातो. पाळी चुकवली तर तण तुमच्या ज्वारीचं पाणी पिऊन टाकतं. तुमच्या पुस्तिकेतलं वाक्य वाचून कुणी खरंच रान ‘पडीक’ ठेवलं, तर नेमकं हेच होणार.

सातबारावाली
शब्दाची एक सरकारी बाजूही आहे. जमीन वापराच्या तक्त्यात त्या वर्षी काहीच न पेरलेली ती ‘चालू पड’. एक ते पाच वर्षं पडून असलेली ‘इतर पड’. पाचांपुढे गेली की ‘लागवडीयोग्य पडीक’. म्हणजे ‘पड’ आणि ‘पडीक’ यांत सरकारदरबारीसुद्धा वर्षांचं अंतर आहे. गंमत अशी की खरिपात मोकळी आणि रब्बीत ज्वारी असलेली जमीन वर्षाच्या हिशेबात पेरलेलीच धरली जाते.

नवंरान
म्हणजे पड टाकली तर पीकविमा मिळणार नाही का? ई-पीक पाहणीत ‘चालू पड’ टाकलं होतं मी. आता ज्वारीचं नुकसान झालं तर?

सातबारावाली
दादा, इथे शब्दाचं चाललंय. पण थोडक्यात सांगते, ती नोंद हंगामाची असते. खरिपाची ‘चालू पड’ ही खरिपापुरती. रब्बीत पेरलं की ज्वारीची नोंद वेगळी करा.

वरकसवाला
कोकणातून लिहितोय. आमच्याकडे मात्र कागदीघोडा म्हणतात तशी विश्रांती खरीच असते. वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावर, पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळा, आणि नंतर काही वर्षं रान सोडून द्यायचं. गवत-झुडपं वाढू द्यायची. तिथे कुळव नाही, काही नाही. तेव्हा इंग्रजीत शब्द एक असला तरी आपल्याकडे गोष्टी दोन आहेत.

पाटीपेन्सिल
हे फार उपयोगी. मी ‘खरिपात रान पड ठेवून पाळ्या घालाव्यात’ असं करते. आता फेरपालट?

काळीमाती
फेरपालट कळतो सगळ्यांना, पण तो कृषी सहायकाच्या तोंडचा. शेतकरी विचारतो, ‘बेवड कशाचा आहे?’ म्हणजे आधी काय होतं आणि त्यानं रान कसं ठेवलंय. हरभऱ्याचा बेवड ज्वारीला चांगला. करडईचा वाईट, कारण तिची मुळी खोल जाते आणि खालची ओल ओढून घेते. पुस्तिकेनं नुसतं ‘फेरपालट करा’ म्हटलं तर कशानंतर काय, ते राहूनच जातं.

पाटीपेन्सिल
‘बेवड’ एका जुन्या मजकुरात होता. मी तो छपाईची चूक समजून ‘बेवडा’ आहे की काय म्हणून खोडला होता! आता लाज वाटतेय.

कागदीघोडा
पड-पडीकचं मान्य. पण सोयाबीन-हरभरा ही फेरपालट नाही हे पटत नाही. पीक बदललं ना?

काळीमाती
नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, पण आता म्हणतो. दरवर्षी तेच दोन, तोच क्रम, आणि दोन्ही द्विदल. त्याला आम्ही दुबार पीक म्हणतो. पालट म्हणजे त्या रानात यंदाच्या जागी पुढच्या वर्षी दुसरं काही. तुरीचं बघा. मर रोगाची बुरशी मातीत राहते. तुरीवर तूर घेतली की ऐन फुलाच्या वेळी झाडं जागच्या जागी वाळतात, खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघ दिसते. मध्ये दोन-तीन वर्षं ज्वारी आणली की प्रमाण कमी होतं. पूर्ण जात नाही.

नवंरान
पड टाकायची म्हणजे खरिपाचा पैसा बुडतो, ते कुणी लिहीत नाही. मी चार एकरांपैकी दोनात मूग घेतला, दोन मोकळं ठेवलं. मूग ऑगस्टअखेर निघाला, एकरी दोन क्विंटल. सप्टेंबरचा पाऊस मागं सरकला. पेरणीआधी गज खुपसून पाहिला. पड रानात अडीच फूट सहज गेला, मुगाच्या रानात फूटभरावर अडला. ज्वारी पडीत एकरी सहा पोती, मुगावर साडेतीन. कडबाही आखूड.

काळीमाती
हे छान सांगितलंत. गज ओलीपर्यंतच जातो, हीच खरी परीक्षा. पण मुगाचे पैसे धरले तर तोटा झाला का?

नवंरान
कडबा विकत घ्यावा लागला म्हणून झाला. जनावरं नसती तर बरोबरीत सुटलो असतो. सप्टेंबर चांगला लागला असता तर मूगच जिंकला असता.

वरकसवाला
मग ते ‘पड ठेवावीच’ असं तरी कशाला लिहायचं?

पाटीपेन्सिल
आज असं केलंय: ‘खोल काळं रान खरिपात पड ठेवावं आणि वाफशावर कुळवाच्या दोन-तीन पाळ्या घालून तण राहू देऊ नये. मध्यम खोल रानात मूग घेता येईल, मात्र पेरणीआधी ओल तपासावी. ज्वारीला हरभऱ्याचा बेवड चांगला, करडईचा टाळावा.’ ‘फेरपालट’ फक्त शीर्षकात ठेवलाय.

सातबारावाली
विदर्भात हे वाचलं तर कुळवाच्या जागी ‘वखर’ लागेल. सोलापूरपुरतं ठीक.

कागदीघोडा
आणि शहरातल्या वाचकाला ‘बेवड’ कसा कळणार?

काळीमाती
पुस्तिका कुणासाठी आहे?