लेकाचा गेम ६२ टक्क्यांवर बंद पडतो, Clear storage करू का? (मदत हवी आहे)

इंदूरची_माई
फोन माझा, गाड्यांच्या शर्यतीचा गेम लेकाचा. परवा प्ले स्टोअरवरून अपडेट झाला तेव्हापासून लोगो येतो, खालची पट्टी ६२ टक्क्यांपर्यंत सरकते आणि गेम गायब. दर वेळी ६२च. फोन ३२ जीबीचा, अँड्रॉइड ९, जागा उरलीय ६४० एमबी. Clear cache तीनदा केलं, उपयोग नाही. जेल रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, Clear storage करा. लेकाने दोन वर्षं जमवलेल्या गाड्या आहेत त्यात. करू का?

पोहेवाला
अँड्रॉइड ९ म्हणजे जुनंच की ताई. गेमवाल्यांनी सोडून दिलं असेल. नवा फोन घ्या.

जुना_मेकॅनिक
माई, थांबा, Clear storage ला हात लावू नका. लॉगिन कशाने आहे ते आधी बघा.

अँड्रॉइड चालत नसतं तर प्ले स्टोअरने हे अपडेट दिलंच नसतं. शिवाय तसा बिघाड असला की गेम बहुधा लोगोवरच कोसळतो. तुमचा एकाच आकड्यावर अडतो, म्हणजे तिथे तो नव्या फाइली उलगडत असणार. तेव्हा बांधलेलं गाठोडं आणि सुटलेलं सामान दोन्ही एकदम जागा खातात. कॅशे पुसून थोडी जागा होते, पण गेम ती पुन्हा भरतो. निदान ३ जीबी मोकळे करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या Manage storage मध्ये मोठे व्हिडिओ सापडतील. फोटो उडवलेत तर कचरापेटीही रिकामी करा.

भिया_४५२
माझापण बंद पडतो, पण अर्धा तास खेळल्यावर. फोन तव्यासारखा तापतो. जागा करू का?

जुना_मेकॅनिक
भिया, तुमचं दुखणं वेगळं. नवा धागा काढा.

इंदूरची_माई
सुप्रभात आणि गणपतीचे व्हिडिओच २.६ जीबी निघाले! आता ३.४ जीबी मोकळे आहेत. पट्टी ८० पर्यंत गेली आणि पुन्हा बंद. लॉगिन Guest आहे म्हणतो लेक.

जुना_मेकॅनिक
पट्टी पुढे गेली, म्हणजे जागा अडत होती हे नक्की. आता आधीची अर्धवट फाइल आडवी येत असावी. Clear storage ने ती जाईल, पण Guest ची ओळखही पुसली जाईल. गेम काढून परत टाकला तरी तेच.

इथे जुनं अँड्रॉइडच कामाला येईल. फाइल मॅनेजरने हे फोल्डर उघडा (११ पासून हा रस्ता बंद केलाय):

```
Android/data/<गेमचं पॅकेज नाव>/files
```

आधी ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, मग फोनमधलं पुसा. ओळख सहसा दुसरीकडे, आतल्या भागात असते. पण प्रत्येक गेमची तऱ्हा वेगळी, खात्री देत नाही.

इंदूरची_माई
केलं. सगळं पुन्हा उतरलं, पाऊण तास लागला, पण गेम उघडला! गाड्या जागेवर आहेत. गाड्यांवरचे रंग मात्र गेले, आता त्यावरून रुसवा चाललाय.

जुना_मेकॅनिक
रंगांचं कोडं मलाही उलगडत नाही. उतरवलेलं फोल्डर इतक्यात पुसू नका. आणि रुसवा निघायच्या आत गूगलचं लॉगिन जोडून टाका.