‘सोड(व?)ली’ : एका अक्षराची शंका इंग्रजीत कशी न्यायची?

अनु_पल्याड
आजीने १९४४ साली तिच्या मुंबईच्या भावाला लिहिलेलं पत्र मी इंग्रजीत करतेय. माझ्या भाचरांना मराठी वाचता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पत्र मोठ्या काकांनी फार पूर्वी वहीत उतरवून ठेवलं होतं. जिथे अक्षर लागलं नाही तिथे त्यांनी कंसात प्रश्नचिन्ह टाकलंय. काका आता नाहीत. गाडी अडलीय ती या वाक्यावर:

‘दादांनीं जमीन सोड(व?)ली. आतां घोर नाहीं.’

‘व’ असेल तर गहाण जमीन सोडवली. नसेल तर जमीन सोडून दिली. मराठीत शंका एका अक्षराची आहे, पण इंग्रजीत ‘रिडीम्ड’ आणि ‘गेव्ह अप’ हे पूर्ण वेगळे शब्द आहेत. मग कंस कुठे टाकू? आणि अशा जागेला मराठीत नेमकं काय म्हणतात? टिपेत ‘संदिग्ध पाठ’ लिहिलं तर चालेल का?

तिरपी_मात्रा
‘घोर नाहीं’ म्हटलंय ना, मग सोडवलीच. जमीन गेल्यावर कुणाचा घोर मिटतो? सरळ ‘रिडीम्ड’ लिही आणि मोकळी हो. आणि ते जास्तीचे अनुस्वार काढून टाक. काकांच्या हातून पडलेत.

बोरू
अनुस्वार काकांचे नाहीत, त्या काळच्या शुद्धलेखनाचे आहेत. १९६२चे नियम येईपर्यंत ‘दादांनीं’, ‘आतां’, ‘नाहीं’ असंच शुद्ध धरत. ते आहेत म्हणजे काकांनी जसंच्या तसं उतरवलंय, तेव्हा त्यांच्या प्रश्नचिन्हावरही भरवसा ठेवायला हरकत नाही.

राहिला घोर. दरसाल व्याज भरून पिचलेल्या घरात जमीन गेली की ‘सुटलो एकदाचे’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या वाक्याने निकाल लागत नाही. ‘दादांनीं’वरूनही नाही, कारण दोन्ही क्रियापदांना ते चालतं.

मोडीवेडा
हा सरळ ‘ध’ चा ‘मा’ आहे! आमच्या आजोबांना तर पत्र आलं होतं, ‘काकाजी अजमेर गेले’. घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मेले’, आणि रडारड सुरू.

बोरू
तो किस्सा हिंदी मुलखात महाजनी लिपीबद्दल सांगतात. तुमच्या आजोबांच्या आधी बऱ्याच आजोबांना ते पत्र येऊन गेलंय. आणि ‘ध’ चा ‘मा’ म्हणजे मुद्दाम केलेला फेरफार. इथे कुणी काही बदललेलं नाही, शाई गेलीय. (नारायणरावाबद्दलचं पत्र आनंदीबाईने बदललं ही तरी आख्यायिकाच.)

अनु, मूळ कागदाचा फोटो आहे का? ते अक्षर घडीवर येतंय का?

अनु_पल्याड
हो, बरोबर घडीवर. ‘ड’ नीट दिसतो, मग कागदाचा रंग गेलाय आणि एक उभी रेघ कशीबशी दिसते. पुढे ‘ली’. ती रेघ ‘व’चा काना की नुसती घडीची सुरकुती, हे मला ठरवता येत नाही. शिरोरेघही तेवढ्यात तुटलीय.

बोरू
मग मोजा. त्याच पत्रात दुसरीकडे ‘-वली’ने संपणारा शब्द असेल.

अनु_पल्याड
‘पाठवली’ आहे, दुसऱ्या पानावर. फोटो मूळ मापात छापून पट्टी लावली. ‘पाठवली’त ‘ठ’ संपतो तिथपासून ‘ल’ सुरू होतो तिथपर्यंत ६ मिलिमीटर. ‘सोड_ली’त ‘ड’ ते ‘ल’ ५. ‘पडली’ पण सापडलं, त्यात ‘ड’ ते ‘ल’ जेमतेम २.

तिरपी_मात्रा
झालं की सिद्ध! मी तेच म्हणत होतो.

बोरू
सिद्ध नाही, पारडं झुकलं. घडीजवळ माणूस हात उचलून पुढे लिहितो, तेव्हा अंतर आपोआपही वाढतं. त्याच घडीवर वरच्या-खालच्या ओळींत अक्षरं फाकली आहेत का ते पाहा. तिथे नेहमीइतकीच जवळ असतील, तर ‘व’ला आणखी बळ.

इंग्रजीत मी असं करीन: दोन्ही शब्द चौकटी कंसात, मध्ये तिरकी रेघ, दोघांपुढे प्रश्नचिन्ह, जास्त संभवणारा आधी. खाली टीप, आणि टिपेत मराठी शब्द देवनागरीतच, शंकेचं अक्षर दाखवून. शंका अक्षराची आहे हे फक्त टिपेतच दिसू शकतं. इंग्रजी वाक्यात ती आख्ख्या शब्दाची होते, त्याला इलाज नाही. आणि कंस चौकटीच हवेत, कारण आजीने स्वतः गोल कंस वापरले असतील तर तिचे कोणते आणि तुमचे कोणते हे कुणाला कळणार?

अनु_पल्याड
वापरलेत! ‘(तुला ठाऊक आहेच)’ असं एका ठिकाणी आहे.

दुसरी एक जागा: ‘बियाणें ७।, मजुरी १२(११?), एकूण १९॥।’. इथेही तोच कंस?

बोरू
नाही, ही शंका काढून टाकायची. ते अकरा नव्हेत, ‘॥’ म्हणजे अर्धा. सव्वासात अधिक साडेबारा, पावणेवीस. बेरीज जुळते, म्हणजे वाचन पक्कं. इंग्रजीत १२ रुपये ८ आणे लिहा, कंस नको. जिथे पत्रच उत्तर देतं तिथेही प्रश्नचिन्ह ठेवलं, तर खऱ्या शंकेची किंमत उरत नाही.

सातबारावाली
गावाकडून फेरफार काढा. गहाणखत सुटलं असेल तर नोंद मिळेल. मिटला प्रश्न.

बोरू
जमिनीचा मिटेल, अक्षराचा नाही. फेरफार मिळाला तर टिपेत जरूर द्या, पण कंस तसाच ठेवा. आजीने काय लिहिलं आणि पुढे काय घडलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला चुकीची बातमीही कळलेली असू शकते.

मैनावती
कंस ठेवा, खरंच ठेवा. आमच्याकडे पणजीच्या पत्राच्या भाषांतरात ‘पाटल्या [थोरलीस? / धाकटीस?] दिल्या’ असं होतं. कुणीतरी कंस उडवून ‘थोरलीस’ ठेवलं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. दोन आत्या अजून बोलत नाहीत एकमेकींशी. पाटल्या कुणी पाहिल्यादेखील नाहीत.

शुद्धमती
मूळ प्रश्न सगळे विसरले. ‘संदिग्ध पाठ’ चूक आहे. अक्षर स्वच्छ लागतं पण अर्थ दोन निघतात, ते संदिग्ध. इथे अक्षरच लागत नाही. याला ‘शंकित वाचन’ म्हणावं.

तिरपी_मात्रा
‘शंकित’ माणूस असतो हो, वाचन कसलं शंकित? ‘पाठभेद’ म्हणा, रुळलेला शब्द आहे.

शुद्धमती
पाठभेदाला दोन प्रती लागतात. इथे कागद एकच आहे.

बोरू
शुद्धमतींशी निम्मा सहमत. भेद बरोबर आहे, शब्द पटत नाही. आमच्या दप्तरात वडीलधारे सरळ ‘अक्षर लागत नाही’ म्हणत. टिपेत तेवढं पुरतं.

शुद्धमती
बोलण्यात पुरतं. संज्ञा म्हणून ‘लागत नाही’ कशी वापरणार?

मोडीवेडा
‘लागणे’ हे क्रियापद कमाल आहे पण. अक्षर लागतं, बस लागते, नाट लागतो, पोराला मामाची ओढ लागते. इंग्रजीत करून दाखवा हे!

सातबारावाली
आमच्या कोकणात ‘सोडवली’ म्हटलं की आधी दागिनेच आठवतात. जमिनीला ‘मोकळी केली’ म्हणायचे. अनुताई, आजी कुठल्या?

अनु_पल्याड
माहेर चिपळूणचं, सासर वाईचं. पत्र वाईहून लिहिलंय. आता यावरून काय समजायचं?

तिरपी_मात्रा
चिपळूणची असेल तर मग ‘सोडली’च.

अनु_पल्याड
काल तुम्हीच ‘सोडवली’ सिद्ध केली होती! वरच्या ओळीत घडीवर ‘करणें’ आहे, त्यातलं अंतर मोजून उद्या सांगते.