सोसायटी ग्रुप, टिळकवाडी: गुलाब काळे पडलेत

कुलकर्णी काकू (बी-२): दसऱ्यानंतर माळ्यानं १२ गुलाब छाटले. त्यातले ५ काळे पडलेत. कुणाचं लक्ष आहे का?

पाटील (ए-४): मी जूनमध्येच म्हटलं होतं, पंपाजवळचा गुलाब उपटा.

सचिन (सी-१): खत कमी पडलं असेल की काकू.

कुलकर्णी काकू: खत नव्हे रे. कापलेल्या टोकापासून काळं खाली उतरायलंय. माळी टाकीकडून गेटकडं छाटत गेला. पहिली ७ ठणठणीत. आठवं पंपाजवळचं, आधीपासून रोगट. पुढची ४ गेली.

देसाई सर (ए-१): हा डायबॅक. बुरशी पावसाच्या शिंतोड्यानंही जाते, सगळं खापर कात्रीवर नको. पण क्रम इतका सरळ असेल तर मलाही कात्रीचाच संशय येतो.

पाटील: जूनमध्येच म्हटलं होतं.

सेक्रेटरी: पाटील साहेब, तेव्हा "आमच्या विंगचं झाड तोडायचं नाही" कोण म्हणालं?

पाटील: तो विषय वेगळा.

सचिन: सर, कोविडचं सॅनिटायझर आहे घरात. चालेल का?

देसाई सर: जेल नको, चिकट राहतं. मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणा. आधी पात्यावरचा चीक फडक्यानं पुसायचा, नाहीतर औषध खालपर्यंत पोचतच नाही. मग दोन्ही पाती आणि खिळ्याजवळची खाच भिजवायची, वाळू द्यायची, मगच पुढचं झाड. रोगट झाडावर तर प्रत्येक कापानंतर. आणि ते झाड सगळ्यात शेवटी.

जोशी वहिनी (बी-५): ब्लीच आहे की घरात, फुकटात.

देसाई सर: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, रोज ताजं. पण पातं गंजतं. काम झालं की धुवून, पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो.

सचिन: बाटली माझ्याकडं देऊ नका रे, बाबा वास घेतील 😄

जोशी वहिनी: माळ्याला हे सांगणार कोण? त्याला मराठी कळतंय, पण ऐकायचं नसलं की कन्नडच बोलतो.

हेगडे अण्णा (सी-३): मी सांगतो. पण दोन कात्र्या द्या, एक वाळेपर्यंत दुसरी चालेल. प्रत्येक झाडाला थांबायला लावलं तर तो दिवसाचे पैसे वाढवून मागणार.

सेक्रेटरी: मेंटेनन्समधून वाढ मिळणार नाही. टँकरचेच बिल थकलंय.

पाटील: टँकरवर आलो की मी बोलणार.

कुलकर्णी काकू: आत्ता एक काडी चिरून बघितली. मधला गर वर चहाच्या रंगाचा, वीतभर खाली पांढराशुभ्र. पांढऱ्याच्याही बोटभर खाली कापली, तुकडे पिशवीत भरले. कात्री पुसूनच दुसऱ्या काडीला लावली.

देसाई सर: बरोबर. तुकडे कंपोस्टमध्ये टाकू नका. पाऊस नसेल त्याच दिवशी उरलेलं करा.

पाटील: आणि पंपाजवळचा?

देसाई सर: खोड बुडापासून तपकिरी असेल तर उपटा. कात्रीचा उपयोग नाही.

पाटील: 🙏 जून.

सेक्रेटरी: बाटलीची पावती मात्र ठेवा.