अनुभव धागा: ऑफिसात सोय मागताना किती सांगितलंत, आणि कुणाकुणाला कळलं?

मावळतीआधी

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. दिवसा वाचते, आकडेमोड करते, सगळं नीट. पण नजर नळीतून बघितल्यासारखी, आणि अंधार पडला की फूटपाथ कुठे संपतो ते कळत नाही. लोअर परळला एका कंपनीत हिशेब जुळवायचं काम होतं, राहायला डोंबिवली.

मागणी साधी होती. मुंबईत नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून थंडीचे चार महिने साडेनऊ ते सहाऐवजी आठ ते साडेचार अशी वेळ, आणि एक मोठा मॉनिटर. कंपनीच्या धोरणात लिहिलं होतं, 'आपल्या मॅनेजरला कळवावे, माहिती गोपनीय राहील.' मी भाबडेपणाने मेल लिहिला आणि नेत्रतज्ज्ञांचा अख्खा रिपोर्ट जोडला. मॅनेजरने तोच मेल एचआरला पुढे ढकलला. एचआरने मॉनिटरसाठी आयटीला, आयटीने खर्चाच्या मंजुरीसाठी फायनान्सला, फायनान्सने ॲडमिनला. शेवटी मॉनिटर आला तेव्हा मेलच्या शेपटात मी नऊ नावं मोजली. नऊही जणांकडे माझ्या डोळ्यांच्या पडद्यांचे फोटो.

कुणी वाईट वागलं नाही, हीच गंमत. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, मला न विचारता स्टेजवर बोलावून गुच्छ दिला. त्यानंतर महिनाअखेरीची कामं हळूहळू माझ्याकडून काढली गेली. 'तुला त्रास नको.' बढतीच्या वेळी मात्र महिनाअखेरीचा अनुभव कमी पडला.

दुसऱ्या नोकरीत रिपोर्ट जोडला नाही. एवढंच लिहिलं: 'दृष्टीच्या कायमस्वरूपी अडचणीमुळे सूर्यास्तानंतर मला एकटीने सुरक्षित प्रवास करता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठ ते साडेचार ही वेळ मिळावी. महिनाअखेरीचे तीन दिवस संध्याकाळचं काम घरून करेन. प्रमाणपत्र एचआरच्या एका व्यक्तीला समक्ष दाखवेन, मेलवर पाठवणार नाही.' अकराव्या दिवशी उत्तर आलं, एक महिना चाचणी आणि मग आढावा. महिनाअखेरीचं वाक्य मीच घातलं होतं, कारण मागच्या वेळी तिथेच मार खाल्ला होता.

तुमचं काय झालं ते लिहा. कंपनीचं नाव नको.

खिडकीपलीकडची

मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे आधी शिव्या खायला तयार.

तुमच्या पहिल्या कंपनीत जे झालं त्याचं मूळ फॉर्ममध्ये असतं. आमच्याकडेही एकच पानाचा फॉर्म होता. आजाराचं नाव, काय हवं, का हवं, सगळं एकाखाली एक. मंजुरीला जाणारा माणूस सगळंच वाचायचा. आता दोन वेगळे कागद केलेत. पहिल्यावर फक्त काय करता येत नाही आणि काय हवं. तो मॅनेजर, आयटी, ॲडमिन कुणाकडेही जाऊ शकतो. दुसरा वैद्यकीय कागद दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी नेमलेला लायझन ऑफिसर बघतो, 'पाहिले, ग्राह्य' अशी तारखेसह नोंद करतो आणि मूळ प्रत परत देतो.

तरी गळती होतेच. आमची सर्वात वाईट गळती आयटीच्या तिकिटातून झाली. 'कारण' हा रकाना भरल्याशिवाय तिकीट पुढेच जात नव्हतं आणि तो रकाना अख्ख्या हेल्पडेस्कला दिसत होता. मॅनेजरने प्रामाणिकपणे आजाराचं नाव टाकलं. आता आम्ही तिथे फक्त मंजुरीचा क्रमांक टाकायला सांगतो. एक्सेलच्या फाइलचं नाव, कॅलेंडरवरच्या मीटिंगचा विषय, हेही बघा. 'अमुकची लो व्हिजन मीटिंग' असं कॅलेंडरवर असलं की कपाटाला कितीही कुलुपं लावा.

नियम_माहीत_आहे

सगळे उगाच घाबरतात. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर कंपनीला सोय द्यावीच लागते, नसेल तर काहीच मागता येत नाही. आधी यूडीआयडी कार्ड काढा, मग बोला.

खिडकीपलीकडची

दादा, अर्धं बरोबर. ४० टक्के लागतात ते आरक्षणासाठी आणि तशा ठरावीक लाभांसाठी. भेदभाव करू नये आणि वाजवी सोय द्यावी, हे कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी आहे, टक्क्यांची अट तिथे नाही. तीस टक्केवाल्या माणसालाही खुर्ची बदलून मागता येते.

पण 'द्यावीच लागते' हेही इतकं सरळ नाही. नोकरीत वाजवी सोय देण्याचं कलम २० थेट सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. खाजगी कंपनीला कलम २१ लागू होतं, म्हणजे समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. आपल्याकडे राज्य आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर धोरणात सोयी, सहाय्यक उपकरणं, लायझन ऑफिसर हे सगळं लिहायला हवं. म्हणून खाजगीत भांडायचं तर कंपनीच्याच धोरणातलं वाक्य धरून भांडणं सोपं जातं. आणि सोय 'अवाजवी बोजा' होत असेल तर नाही म्हणायला वाव आहे. मात्र तो बोजा त्या एका प्रकरणात दाखवावा लागतो, 'आमच्याकडे पद्धत नाही' हे उत्तर चालत नाही.

नियम_माहीत_आहे

खाजगीत वकिलाशिवाय कोण ऐकतं, ते सांगा आधी.

कानाने_वाचणारा

पूर्ण अंध आहे, विक्रोळीत ग्राहक तक्रारींच्या विभागात. मला गोपनीयतेचा प्रश्नच नाही, पांढरी काठी सगळं सांगते. माझा अनुभव मंजुरीनंतरचा आहे.

स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए मागितला. फुकट आहे, म्हणून दोन दिवसांत हो आलं. बसवायला सात आठवडे. सुरक्षा विभाग म्हणाला, हे सॉफ्टवेअर पडद्यावरचं सगळं वाचतं आणि की-बोर्ड पकडतं, म्हणजे हेरगिरीच. अहो, तेच तर त्याचं काम! शेवटी मंजूर झालेल्या आवृत्तीला अपवाद दिला. लॅपटॉपवर बोलू लागलं, मी खूश. मग कळलं की आमचं खरं काम रिमोट डेस्कटॉपवर चालतं. तिथे माझ्या लॅपटॉपवरच्या स्क्रीन रीडरला नुसतं एक चित्र दिसतं, आत काय लिहिलंय ते नाही. पलीकडच्या सर्व्हरवरही तो बसवावा लागतो. अर्जात मी 'एनव्हीडीए हवा' एवढंच लिहिलं होतं, त्यामुळे सर्व्हरसाठी नवा अर्ज, नवी मंजुरी.

म्हणून नवीन पोरांना सांगतो, वस्तूचं नाव लिहू नका, काम लिहा. 'तक्रार उघडणं, जोडलेलं पत्र वाचणं, उत्तर पाठवणं, हे तिन्ही मला स्क्रीन रीडरवर करता यायला हवं.' मग आयटीला तिन्ही करून दाखवावं लागतं. जोडलेलं पत्र स्कॅन केलेलं असलं की तिथेही गाडी अडते. आजही अडते. शेजारची ताई वाचून दाखवते. तिची बदली झाली तर काय, हे कुणाच्याच धोरणात नाही.

कुर्ल्याची_सून

माझ्या सासूबाईंना ऐकू येत नाही, त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जायला मला रजा मिळत नाही. या धोरणात बसेल का? एचआर म्हणते, दिव्यांग तुम्ही नाही, त्या आहेत.

मावळतीआधी

ताई, हा धागा स्वतःसाठी सोय मागणाऱ्यांचा होता. पण तुमच्या एचआरने धोरण वाचून उत्तर दिलं की अंदाजाने, ते विचारून बघा. काही कंपन्या काळजीवाहूंनाही वेळेची सवलत देतात, पण तो कंपनीचा मामला.

पगारपत्रक

मी पगार विभागातला. सोय न मागताही बातमी फुटते ती आमच्याकडून. डिसेंबर-जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागवतो तेव्हा दिव्यांगत्वाच्या प्राप्तिकर वजावटीसाठी लोक प्रमाणपत्र चढवतात. ते आमच्याकडे येत नाही, बाहेरच्या एजन्सीकडे जातं, आणि तपासणारा मुलगा दर वर्षी नवा असतो. लपवायचंच असेल तर ती वजावट कंपनीला सांगू नका, जुन्या करप्रणालीत असाल तर स्वतःच्या विवरणपत्रात घ्या. टीडीएस जास्त कापला जाईल, परतावा नंतर येईल. व्यवसाय कराचं तसं नाही. वर्षाचे २५०० रुपये पगारातूनच कापतो, माफी हवी तर प्रमाणपत्र आम्हालाच द्यावं लागतं. आमच्याकडे एकीने पाच वर्षं ते २५०० भरले, पण कागद दिला नाही. मला तिचं पटतं.

सकाळची_गोळी

मला बायपोलर आहे. रात्रीच्या औषधाने सकाळी दहापर्यंत डोकं जड असतं. अकराची वेळ मागायची तर कारण द्यावं लागेल. 'आजाराचं नाव नको, अडचण सांगा' हे वर वाचलं. पण 'सकाळी लवकर काम होत नाही' असं लिहिलं तर माझं वाचून कोण हसणार नाही? डोळ्यांची अडचण लोकांना कळते. मी गेली तीन वर्षं 'ठाण्याहून ट्रेनला गर्दी असते' असं सांगतेय.

खिडकीपलीकडची

खरं सांगू? मी तुम्हाला खात्रीने 'सांगा' म्हणू शकत नाही. डॉक्टरांकडून एवढंच लिहून घेता येतं: 'औषधोपचारामुळे सकाळी दहापूर्वी एकाग्रता कमी राहते, कामाची वेळ अकरापासून ठेवावी.' विभागाचं नाव नसलेल्या लेटरहेडवर. पण शिक्क्यावर 'मानसोपचारतज्ज्ञ' असतंच, आणि शिक्क्याशिवाय आम्ही कागद घेत नाही. एका कर्मचाऱ्याने तोच मजकूर फॅमिली डॉक्टरकडून आणला होता. मी घेतला. माझ्या जागी दुसरी असती तर घेतला असता का, माहीत नाही.

सकाळची_गोळी

शिक्क्याचं सुचलंच नव्हतं. बघते.

तिसरा_मजला

मला ऐकू येत नाही. मी उलटं सांगतो. माझी माहिती इतकी गोपनीय ठेवली की आगीच्या ड्रिलमध्ये मला कुणी उठवलंच नाही. हेडफोन घालून बसलोय असं समजून सगळे खाली गेले. मान वर केली तर मजला रिकामा. वॉर्डनला माझं नाव का दिलं नाही विचारलं, तर 'तुमची संमती नव्हती.'

मग मीच लिहून दिलं: आजार, टक्के, कागद काही नको, मजल्याच्या दोन वॉर्डनना एवढंच सांगा की 'या खुर्चीवरच्या माणसाला खांद्यावर हात ठेवून उठवायचं'. शौचालयात चमकणारा दिवाही मागितला, कारण तिथे खांद्यावर हात ठेवायला कोण येणार? दिवा इमारतीच्या मालकाचा विषय, म्हणून पत्र त्यांच्याकडे गेलं. आठ महिने झाले.

मावळतीआधी

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या ड्रिलमध्ये जिन्यातले दिवे घालवतात, खरी आग लागल्यावर कसं असेल ते कळावं म्हणून. मी दर वेळी त्या दिवशी रजा टाकते. उद्या वॉर्डनचं नाव काढते आधी.