मदत हवी आहे: आईला धडधड जाणवते, पण घड्याळात नाडी कायम ७५ ते ८० च. मोजमाप चुकतंय की अजून काही?

कोथरूडचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, आमच्याकडेच कोथरूडला असते. गेले दोन महिने आठवड्यातून दोनेकदा तिला एकदम छातीत धडधडतं, मिनिटभरात आपोआप थांबतं. बहुतेक वेळा संध्याकाळी, टीव्हीसमोर बसलेली असताना. चक्कर नाही, छातीत दुखणं नाही. म्हणून दिवाळीत तिला नाडी मोजणारं घड्याळ घेतलं.

आता गंमत अशी, की घड्याळ घेतल्यापासून तीनदा झालं आणि तिन्ही वेळा ॲपमधला आलेख सपाट. ठरलेल्या मर्यादेपलीकडे नाडी गेली की सूचना देणारी सोय चालू आहे, तीही गप्प. मी शहाणपणा करून तिला म्हणालोही, "आई, भास होतोय तुला, घड्याळात काहीच नाही." तेव्हापासून ती माझ्याशी या विषयावर बोलत नाही. ॲपमधून फाइल काढली, त्या संध्याकाळच्या ओळी अशा आहेत. त्रास साधारण ९:१३ ला झाला होता.

```
time,bpm
21:00:05,77
21:10:04,76
21:20:03,78
21:30:05,74
```

खोक्यावर तर "दिवसभर नाडीमापन" लिहिलंय. घड्याळ खराब आहे का? बदलून घेऊ का?

अर्धा_कप_चहा

घड्याळ खराब नसावं. हिरवा दिवा असलेले सेन्सर सेकंदाला पंचवीस-पन्नास वेळा मनगटातला प्रकाश मोजतात. एवढ्या वेगात काही सुटणं शक्य नाही. माझ्या मते तुमच्या आईंना ॲसिडिटी असेल, पोटातला वायू वर आला की असंच धडधडतं.

सिंहगड_दर_रविवारी

माझा उलटा अनुभव. गड चढताना घड्याळ १७० दाखवतं आणि मी आरामात गप्पा मारत चढत असतो. घरी येऊन मोजली तर नाडी ठीक. या घड्याळांवर कशाला विश्वास ठेवता? पट्टा घट्ट करून बघितला का?

तारा_जोडणारा

सिग्नल प्रोसेसिंगमध्ये बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक: धडधडीबरोबर कधी चक्कर, घाम, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं झालं, तर धागा बंद करून थेट इस्पितळ गाठा.

आता तुमच्या चार ओळी. उत्तर डाव्या रकान्यात आहे. ९:१० ला घड्याळाने बघितलं, नंतर थेट ९:२० ला. मधल्या काळात सेन्सर झोपलेला होता. चहावाले म्हणतात ते सेकंदाला पन्नास वेळा वगैरे खरं आहे, पण ते डोळा उघडा असताना. पार्श्वभूमीला चालणाऱ्या मोजणीत बॅटरी वाचवायला तो डोळा दर दहा मिनिटांनी काही सेकंदच उघडतो.

असं समजा, की तुमच्या खिडकीतून बसथांबा दिसतो. पीएमटी येते, चाळीस सेकंद थांबते, जाते. तुम्ही दर दहा मिनिटांनी एकदा डोकावता. बस दिसायची शक्यता किती? ६०० सेकंदांत ४०, म्हणजे पंधरात एक. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा हुकलं, याची शक्यता सुमारे ८१ टक्के. सपाट आलेख हीच अपेक्षा होती. आईंना भास होत नव्हता, एवढं म्हणायला त्यात पुरेशी जागा आहे. (त्यांच्याशी आधी समेट करा.)

सूचना न येण्याचंही तेच. काही घड्याळांत माणूस स्वस्थ बसलेला असताना नाडी सलग दहा मिनिटं वर राहिली, तरच सूचना येते. मिनिटभराच्या पाहुण्यासाठी ती सोय नाहीच.

अर्धा_कप_चहा

बरं, हे पटलं. मग सोपं आहे. सेटिंगमध्ये दहा मिनिटांऐवजी एक मिनिट करा, विषय संपला. माझ्या पट्ट्यात तो पर्याय आहे.

तारा_जोडणारा

अर्धा विषय संपला. चाळीस सेकंदांचा त्रास असेल, तर मिनिटाला एकदा डोकावून तीनात दोनदा सापडेल, ही मोठी सुधारणा आहे. पण आठ सेकंदांचाच असेल, तर साठात आठ. आणि सापडला तरी आकडा खरा दिसेलच असं नाही, कारण दुसरी भानगड निराळी आहे: घड्याळ ठोक्याठोक्याचा आकडा दाखवत नाही, गेल्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं.

समजा घड्याळ मागच्या २० सेकंदांची सरासरी घेतंय. त्यात १२ सेकंद नाडी ७५ होती, म्हणजे १५ ठोके. आठ सेकंद १५० होती, म्हणजे २० ठोके. एकूण ३५ ठोके वीस सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १०५. खरी उडी दीडशेची, पडद्यावर एकशे पाच. जिना चढल्यावरही एवढी होते, म्हणून कोणी लक्षही देणार नाही.

आणि ही सरासरी दर मिनिटाला घ्या की दर सेकंदाला, उंची तेवढीच राहते. किती वेळाने बघायचं आणि प्रत्येक वेळी किती सेकंदांचं मिसळायचं, या दोन वेगळ्या चाव्या आहेत. सेटिंगमध्ये तुम्हाला पहिलीच मिळते.

वरणभात

मग कंपन्या सरासरी कमी का करत नाहीत? दोन सेकंदांची घ्यायची.

तारा_जोडणारा

दोन सेकंदांत ७५ च्या नाडीचे अडीच ठोके येतात. एखादा हुकला किंवा हात हलल्यामुळे एखादा खोटा मोजला गेला, तर आकडा तीसने इकडेतिकडे. बोटाने १५ सेकंद मोजून चारने गुणतो, तेव्हाही एका ठोक्याच्या चुकीने चारचा फरक पडतो, तेच इथे. कर्वे रस्त्याच्या खड्ड्यांतून दुचाकीवर जाताना तर घड्याळाने नुसता धिंगाणा घातला असता. म्हणून सरासरी लांब ठेवतात. शिवाय बऱ्याच पद्धतींत अचानक उडी दिसली की "हा हात हलला असेल" म्हणून ती फेकूनच देतात. तुम्हाला नेमकी हवी होती तीच फेकली जाते.

सिंहगडवाले, तुमचे १७० हे बहुधा पावलांचे आहेत. हात लयीत हलला की सेन्सर त्या लयीलाच नाडी समजून बसतो. थांबल्यावर अर्ध्या मिनिटात आकडा एकदम खाली येतो का बघा. पण हा प्रश्न धागाकर्त्याच्या प्रश्नाच्या बरोबर विरुद्ध आहे.

सिंहगड_दर_रविवारी

मी उभ्या चढाला मिनिटाला १७० पावलं टाकत नाही हो!

कोथरूडचा_भाडेकरू

तारा जोडणारे, फार आभार. आईची माफी मागितली, तिने पोहे केले. आता करू काय? बॅटरी बाजूला ठेवा.

तारा_जोडणारा

बसल्या जागी व्यायामाची नोंद सुरू करा, "इतर" हा प्रकार निवडा. बहुतेक घड्याळं त्यात सेन्सर सलग चालू ठेवतात आणि दर सेकंदाला किंवा काही सेकंदांना आकडा लिहितात. त्रास संध्याकाळी होतो ना, मग सात ते साडेनऊ एवढंच. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण आवळून नाही. आणि वहीत वेळ लिहा: कधी सुरू झालं, कधी थांबलं. वही घड्याळाइतकीच महत्त्वाची. ॲपमधला आलेख बघू नका, तो पुन्हा स्वतःची सरासरी काढून रेष गुळगुळीत करतो. फाइल काढून वेळेचा रकाना तपासा, ओळींमधलं अंतर खरंच कमी झालंय ना.

कोथरूडचा_भाडेकरू

नऊ दिवसांनी परत आलोय. सापडलं! कालच्या फाइलमधल्या पाच-पाच सेकंदांच्या ओळी:

```
20:41:02,79
20:41:07,95
20:41:12,111
20:41:17,126
20:41:22,142
20:41:27,142
```

मग ८:४१:५२ पर्यंत १४२ च्या आसपास, आणि नंतर तसंच हळूहळू खाली. आई "आलं बघ" म्हणाली तेव्हा पडद्यावर ९५ च होते. वीस सेकंदांत सावकाश चढली, म्हणजे घाबरल्यामुळे वाढली असं म्हणता येईल का? शेजारचे काका तसं म्हणतात.

वरणभात

काकांचं बरोबर वाटतं. टीव्हीवर काय चाललं होतं?

तारा_जोडणारा

टीव्ही राहू द्या, आकडे बघा. दर पाच सेकंदांना साधारण सोळाने वाढ, पट्टी लावून आखल्यासारखी, आणि बरोबर वीस सेकंदांत सपाट. वीस सेकंदांच्या सरासरीत नाडी ७९ वरून एका ठोक्यात १४२ वर गेली, तर पडद्यावर नेमकं हेच दिसेल, कारण जुने ७९ चे सेकंद एकेक करून बाहेर पडतात आणि नवे आत येतात. आणि आईंना आधी कळलं, घड्याळाला नंतर, हेही त्याला धरूनच आहे.

पण उलटं सिद्ध होत नाही. नाडी खरंच सावकाश चढली असेल, किंवा घड्याळाने वाढीला लगाम घातला असेल, तरी असाच उतार येऊ शकतो. तुमच्या घड्याळाची सरासरी किती सेकंदांची, ते मला माहीत नाही. वीस हा मी उदाहरणासाठी घेतलेला आकडा होता, तो जुळला म्हणून खरा ठरत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे: एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी धडधड आणि हळूहळू चढून उतरणारी, यांची कारणं वेगळी असतात. या फाइलवरून ते ठरणार नाही.

कालावधी मात्र बऱ्यापैकी सांगता येतो. वरचा सपाट भाग अर्ध्या मिनिटाचा दिसला तरी चढ सुरू झाल्यापासून उतार सुरू होईपर्यंत धरा: ४१:०२ ते ४१:५२, पन्नास सेकंद. वहीत किती लिहिलंय?

कोथरूडचा_भाडेकरू

"पाऊण मिनिट, जरा जास्त." आईने स्वतः लिहिलंय. ईसीजी काल काढला, तेव्हा अर्थातच सगळं ठीक होतं, त्यामुळे पट्टी स्वच्छ. डॉक्टरांनी होल्टर सांगितलंय, २४ तासांचं. फाइल आणि वही दोन्ही बघितली, वहीवर जास्त वेळ घालवला.

अर्धा_कप_चहा

होल्टरमध्ये सगळं कळेल. ते सलग नोंदवतं, प्रत्येक ठोका.

तारा_जोडणारा

प्रत्येक ठोका नोंदवतं, हे खरं, त्यात सरासरीची अडचण नाही. पण त्रास आठवड्यातून दोनदा येतोय. कुठल्याही एका दिवसात तो न येण्याचीच शक्यता जास्त, ढोबळपणे चारात तीन. पुन्हा बसथांबाच, फक्त खिडकी मोठी. आठवडा-दोन आठवडे लावून ठेवायचे पट्टीसारखे रेकॉर्डर असतात, किंवा त्रास झाला की बटण दाबायचं यंत्र. त्यातलं काय जमेल, ते डॉक्टरांना विचारा. तुमच्या घड्याळात बोट टेकवून ३० सेकंदांचा ईसीजी काढायची सोय आहे का? पन्नास सेकंदांच्या त्रासात आई वेळेवर बोट टेकवू शकल्या तर तेही कामाचं.

कोथरूडचा_भाडेकरू

नाही, ती सोय महागड्यात होती. होल्टर मंगळवारी लावणार आहेत. जास्त दिवसांच्या यंत्राबद्दल तेव्हाच विचारतो, काय म्हणतात ते इथे लिहीन.

सिंहगड_दर_रविवारी

अवांतर: आज वाटेत थांबून बघितलं. आकडा एकदम १६८ वरून ११४. पावलं मोजायची विसरलो. पुढच्या रविवारी.